चाच्यांचं गलबत आणि त्यावरची माणसं: नावं हवीत, हसवणारीही आणि दरारा वाटणारीही

मीठभाकर (शनिवार, रात्री ९:४०)

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना गोष्ट वाचून दाखवते. पंधरा-सोळा मुलं असतात, वय आठ ते अकरा. यंदा धीर करून स्वतःच गोष्ट लिहायला घेतली आहे. काळ साधारण तीनशे वर्षांपूर्वीचा, जागा वेंगुर्ले ते मालवणचा किनारा. आवली नावाची दहा वर्षांची मुलगी सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे लपते आणि चुकून चाच्यांच्या गलबतावर जाऊन पोचते. नऊ प्रकरणं करायचा विचार आहे, दोन वाचून झाली.

अडलंय ते नावांवर. मी ठेवलेली नावं अशी: गलबताचं नाव महाकाल समुद्रसम्राट. कप्तान कर्दनकाळ. सुकाणूवर वाकडोजी, तोफेवर धडामसिंग, डोलकाठीवर टेहळणीला दुर्बीणराव, स्वयंपाकाला पोटोबा नाखवा, लुटीच्या हिशेबाला चिंगूसशेठ.

पहिल्या शनिवारी प्रत्येक नावाला मुलं खो खो हसली. मी खूश. दुसऱ्या शनिवारी विचारलं, मागच्या वेळी कोण कोण भेटलं होतं? एकालाही तीनच्या वर नावं आठवेनात. "तो जाडा माणूस", "तो तोफवाला" असंच चाललं होतं. कर्दनकाळ आला तेव्हा कुणी घाबरलं नाही, उलट एकाने विचारलं, "कर्दन म्हणजे काय?" आणि एकीला वाटत होतं की चाचे म्हणजे कुणाचे तरी काका.

गंमत हवी आहे, पण दराराही हवा आहे. काय चुकतंय?

टवाळपुरकर (९:५८)

गलबताचं नाव 'खवळलेला खेकडा' ठेवा. विषय संपला.

गोट्या_डोंबिवली (१०:१२)

ताई, चाचांच्या बोटीसाठी नाव ठेवताना आधी बंदरावर त्या नावाची बोट आहे का ते बघून घ्या, नाहीतर कागदपत्रांत घोळ होतो. माझ्या चुलत्याने मागच्या वर्षी बोट घेतली, त्याचंही नावावरूनच अडलंय. सगळीकडे कृपा नाहीतर प्रसाद. बोटीवर चाचांचं स्वतःचं नाव घालायचं असेल तर नुसतं आडनाव नको, लोक उधारीसाठी ओळखतात.

मीठभाकर (१०:२०)

@गोट्या, चाचे म्हणजे समुद्री लुटारू हो! पण बघा, मोठ्यांनाही तसंच वाटतं म्हणजे आमच्या त्या मुलीचं काही चुकलं नाही.

@टवाळपुरकर, खेकडा आवडला!

जुनीवही (रविवार, सकाळी ७:०५)

मीठभाकर, मुलांच्या मासिकाचं संपादन आणि मुद्रितशोधन मिळून बरीच वर्षं केलं, त्या हिशेबाने लिहिते.

तुमच्या सगळ्या नावांत गंमत एकाच जागी आहे. नाव ही त्या माणसाची पाटी झाली आहे. धडामसिंग तोफ उडवणार, दुर्बीणराव दुर्बिणीतून बघणार, पोटोबा खाणार. पाटी वाचली की माणूस संपला. पहिल्यांदा पाटी वाचायला मजा येते, दुसऱ्यांदा मुलाला त्यात शोधायला काही उरत नाही, म्हणून लक्षातही राहत नाही. नावाचा आणि कामाचा थोडा तरी बेबनाव हवा. तो का, हे गोष्टीत कळलं पाहिजे, किंवा कधीच कळू नये.

दुसरं म्हणजे हसू आणि दरारा यांचा क्रम. 'दर्याबहाद्दर डुबुकराव' मोठ्याने म्हणून बघा. 'बहाद्दर'पर्यंत छाती भरते आणि 'डुबुक'ला सगळी हवा जाते. आता उलट म्हणा: 'डुबुकराव दर्याबहाद्दर'. हसू सुरुवातीलाच खर्च झालं, पुढची सहा अक्षरं नुसती ओढायची. भारी शब्द आधी, घसरगुंडी शेवटी. आणि अशी घसरगुंडी अख्ख्या गलबतावर एकाच नावात ठेवा, फार तर दोन. सगळेच घसरले तर त्याची सवय होते.

आवाजाचंही थोडं बघा. घ, भ, ध अशी दम लावून म्हणायची अक्षरं, जोडाक्षरं आणि लांब 'आ' यांनी नाव जड होतं: भद्रकाली, रणधुरंधर. ऱ्हस्व उकार, ट-ब-प आणि तेच अक्षर फिरून आलं की हलकं होतं: बुडबुडा, गुटगुटीत. हा काही कायदा नाही. तुमच्या 'धडाम'मध्ये ध आहे, लांब आ आहे, तरी तो हसवतो, कारण तो मुळात पडल्याचा आवाज आहे.

'खवळलेला खेकडा'बद्दल मात्र माझा विरोध आहे. सकाळची कामं उरकून लिहिते.

इतिहासवेडा (८:३०)

कप्तानाला 'सरखेल' करा. कान्होजी आंग्र्यांची पदवी, कोकणातल्या मुलांना ओळखीची, आणि उच्चारातच वजन आहे. गलबताचं नाव मात्र लुटीच्या आधी जे असेल तेच ठेवा. चाचे पकडलेल्या जहाजाचं नाव बदलत नसत. समुद्रावर तो अपशकुन मानतात.

काळंपाणी (९:१५)

@इतिहासवेडा, जहाजाचं नाव बदलणं अपशकुनी ही समजूत खलाशांत आहे, ते बरोबर. पण चाच्यांनी ती कधी फारशी मानलेली दिसत नाही. ब्लॅकबिअर्डने १७१७ साली 'ला कॉन्कॉर्ड' नावाचं गुलामांची वाहतूक करणारं फ्रेंच जहाज पकडलं. कॉन्कॉर्ड म्हणजे सलोखा. त्याने त्याचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' केलं. सलोख्याचा सूड झाला.

आणि सरखेल नको. आंग्र्यांचं आरमार दस्तक म्हणजे परवाना नसलेली जहाजं पकडायचं, कारण हा किनारा त्यांच्या ताब्यात होता. इंग्रजांनी आपल्या कागदांत त्यांना चाचे ठरवलं. आपणच मुलांच्या गोष्टीत लुटारूला सरखेल म्हटलं तर इंग्रजांचंच म्हणणं पुढे चालवल्यासारखं होईल.

आता मुद्द्याचं. खऱ्या चाच्यांच्या जहाजांची नावं बघितली तर भयंकर नावं कमीच सापडतात. एडवर्ड लोच्या एका जहाजाचं नाव 'मेरी ख्रिसमस' होतं. जॉर्ज लोथरचं 'हॅपी डिलिव्हरी'. हेन्री एव्हरीचं 'फॅन्सी'! आपल्याकडे साडीच्या दुकानाला शोभेल असं नाव. याच फॅन्सीने १६९५ मध्ये औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' लुटलं, मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेला परतत असताना. त्या लुटीत माणसांचे फार हाल झाले, मुलांना सांगण्यासारखे नाहीत. पण नावाचं बघा: लुटणारा फॅन्सी आणि लुटला गेलेला गंज-इ-सवाई. गोड नावाचं जहाज क्षितिजावर दिसलं तर 'महाकाल'पेक्षा जास्त भीती वाटेल. कारण महाकाल काय करणार ते नावातच कळतं.

टवाळपुरकर (९:२२)

म्हणजे कप्तानाचं नाव सुहास आणि गलबताचं नाव 'शुभविवाह'.

काळंपाणी (९:२६)

हसू नका, 'शुभविवाह' चालेल.

आणखी एक. 'गंज-इ-सवाई' इंग्रज खलाशांच्या तोंडी 'गन्सवे' झालं. एवढं भरजरी नाव, दोन घासांत संपवलं. समुद्रावर कुणी लांब नाव पूर्ण घेत नाही. तुमच्या गलबतालाही एक कागदावरचं नाव द्या आणि एक तोंडात झिजलेलं. भारदस्त आणि गमतीदार एकत्र कसं आणायचं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं. विनोद लेखकाने चिकटवायचा नाही, खलाशांच्या तोंडून होऊ द्यायचा.

जुनीवही (११:४०)

हे झिजण्याचं मला फार पटलं.

आता खेकडा. मराठीत नाव वाक्यात गेलं की बदलतं. 'खवळलेला खेकडा बंदरात शिरला' इथपर्यंत ठीक. पुढचं वाक्य: 'आवली खवळलेल्या खेकड्यावर चढली.' 'खवळलेल्या खेकड्यातून धूर येत होता.' 'खवळलेल्या खेकड्याच्या बुडाला भोक पडलं.' मूळ नाव एकदाही तसंच्या तसं ऐकू आलं नाही, आणि ऐकणाऱ्या मुलासमोर मुलगी एका खेकड्यावर चढलेली आहे. एकदा विनोद म्हणून छान. नऊ प्रकरणं नाही.

म्हणून गलबताचं नाव नक्की करण्याआधी त्याला वर, ने, तून, चा, ला लावून पाच वाक्यं म्हणून बघायची. 'समुद्रसम्राट'चं 'समुद्रसम्राटाच्या', 'वाघीण'चं 'वाघिणीवर'. ईकारान्त स्त्रीलिंगी नाव एकवचनात तग धरतं: डरकाळी, डरकाळीवर, डरकाळीने. 'या'ने संपणारंही धरतं: दर्या, दर्यावर, दर्याला.

इतिहासवेडा (११:५५)

अवतरणचिन्हात टाकलं की प्रश्न मिटतो. 'खवळलेला खेकडा'वर चढली. वर्तमानपत्रं चित्रपटांच्या नावांचं असंच करतात.

जुनीवही (१२:०३)

कागदावर मिटतो. त्या मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. अवतरणचिन्ह ऐकू येत नाही.

सारंगाचा नातू (दुपारी २:३०)

माझे आजोबा रत्नागिरीकडचे. मोठ्या जहाजांवर डेकवर काम करत करत सारंग झाले. त्यामुळे 'पोटोबा नाखवा' वाचून दचकलो. नाखवा स्वयंपाकी नसतो हो. आमच्याकडे होडीचा मालक, धनी, तो नाखवा. ती होडी आणि तिच्यावरची माणसं चालवतो तो तांडेल. खलाशी त्याच्या हाताखाली. नाखव्याला भात शिजवायला लावलात तर एखादा कोळी मुलगा उठून जाईल तुमच्या वाचनालयातून.

मोठ्या जहाजांवरचे हुद्दे आजोबांकडून ऐकलेले. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या खालचा टिंडेल. सुकाणू धरणारा सुखाणी. स्वयंपाकी म्हणजे भंडारी. आणि तेल, दिवे, दोरखंड, रंग यांचं कोठार सांभाळणारा कसाब. हो, कसाबच म्हणत. त्याचा सुरीशी संबंध नाही.

जुनीवहींनी बेबनाव म्हटलं ना, तो इथे फुकट मिळतोय. गलबतावर सगळे एका माणसाला 'कसाब' म्हणतात. आवली दोन प्रकरणं त्याच्यापासून लपत फिरते. तिसऱ्यात कळतं की हा बिचारा दिव्यांच्या वाती कातरणारा आहे.

मीठभाकर (२:४१)

हे अप्रतिम आहे. घेतलं!

मुंबईची_माई (३:१०)

मीठभाकर, थांबा. हुद्दा खरा असेल, पण २००८ नंतर आमच्याकडे 'कसाब' हा शब्द कुणाच्याही कानावर वेगळाच पडतो. मुलांना माहीत नसेल, पण त्यांना घ्यायला दारात उभ्या असलेल्या आईबापांना माहीत आहे. मी त्या दिवसांत त्याच भागात नोकरीला होते. मला तरी गोष्टीत हसू येणार नाही.

सारंगाचा नातू (३:२५)

खरं आहे माई. आजोबांच्या शब्दाच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नाही. मागे घेतो.

'भंडारी'चंही जपून. हुद्दा तोच असला तरी तो समाज आहे, आडनाव आहे, आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते. नुसतं 'भंडारी आला' म्हटलं तर मुलांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकी येणार नाही.

स्नेहल_न्यूजर्सी (संध्याकाळी ६:५०)

माझा अनुभव थोडा वेगळा. इथल्या मराठी शाळेत गेल्या वर्षी मुलांचं नाटक बसवलं, त्यातही समुद्री डाकू होते. मी हौसेने सरदाराचं नाव 'प्रलयंकर झंझावात' ठेवलं. तालमीत कुणालाच ते सलग म्हणता येईना. शेवटी नाटकात चक्क "मिस्टर झंझा" झालं आणि प्रेक्षकांत बसलेले आजी-आजोबा हसायचे थांबेनात. मला तो दराऱ्याचा प्रसंग हवा होता.

आमच्या मुलांना ळ आणि ण पण जड जातात. त्यामुळे नाव मुलाच्या तोंडात बसतं का ते बघा. मोठ्यांना भारदस्त वाटलं म्हणून उपयोग नाही.

एक शंका: जहाज स्त्रीलिंगीच असतं ना? मग 'समुद्रसम्राट'ची 'सम्राज्ञी' नको का?

जुनीवही (७:१५)

स्नेहल, ती इंग्रजीची रीत. आपल्याकडे गलबत ते, जहाज ते, नौका ती, मचवा तो. नावाचं लिंग नावाप्रमाणे चालतं. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच, एवढंच बघायचं. 'डरकाळी निघाली' म्हणून दोन पानांनी 'डरकाळी बुडालं' असं होऊ द्यायचं नाही.

तुमच्या झंझामधून आणखी एक गोष्ट सुचली. गलबतावरची नावं हाकेची नावं असतात. वारा सुटलाय, शीड फडफडतंय, खालून वर डोलकाठीवर हाक मारायची आहे. शेवटी ओढता येईल असा स्वर हवा. 'दुर्बीणराव' ओढून बघा, 'व'वर तोंड मिटतं. 'कावळ्याऽऽ' बघा. डोंगरापलीकडे जाईल.

टवाळपुरकर (७:२०)

कावळ्याचं मोठं नाव कावळेश्वर. मंदिरासारखं वाटतं आणि तरी कावळा आहे.

जुनीवही (७:२४)

हे चांगलं आहे. खरंच. मागचं सोन्यासारखं, पुढचं अंगणातलं. आपल्याकडे '-ओजी'चंही तसंच चालतं: कान्होजी, मालोजी यांच्या ठेक्यात कोणताही हलका शब्द घाला, तो सरदार होतो. मीठभाकरांचा वाकडोजी त्याच साच्यातला. आणि 'जी'ने संपणाऱ्या नावाला काहीही लावा, ते हलत नाही.

मुंबईची_माई (७:४०)

वाकडोजीवरून आठवलं. लंगडा, काणा, चकणा, वाकड्या असलं काही नको हं. समुद्री लुटारू म्हटला की लोक पहिला त्याचा पाय नाहीतर डोळा काढतात. त्या खोलीत चष्म्याचं भिंग झाकलेलं एखादं मूल बसलेलं असतं आणि पुढचे सहा महिने ते नाव त्याला चिकटतं.

इतिहासवेडा (८:०५)

इतकं जपत बसलं तर चाचेच उरणार नाहीत. लुटारू आहेत ते, आदर्श बालक नव्हेत.

मुंबईची_माई (८:०९)

लुटारू राहू देत की. लुटीवरून नाव द्या, डोळ्यावरून नको.

मीठभाकर (सोमवार, रात्री १०:३०)

काल रात्री आणि आज बसून सगळं पुन्हा केलं. वाचून सांगा.

गलबत: कागदावर 'फतेदर्या'. वर, ने, तून सगळं लावून बघितलं, हलत नाही. कप्तान ते नाव घेतो तेव्हा सगळ्यांना टोपी काढावी लागते. खलाशी मात्र घाईत 'फातऱ्या' म्हणतात. (काळंपाणी, ही तुमची झीज.)

तोफेवर: तोफखानबहाद्दर फुसकोजी. अख्ख्या गलबतावर घसरगुंडी एवढीच. त्याच्या तोफेची दारू नेहमी दमट असते. शेवटच्या प्रकरणात मात्र ती एकदाच उडणार आहे आणि तेव्हा त्याचं नाव कुणी घेणार नाही.

डोलकाठीवर: कावळेश्वर, हाकेला कावळ्या.

स्वयंपाकाला: तिरफळमामा. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात, चुकून चावलं की जीभ बधीर होते. हा माणूस पण तसाच, बोलला की समोरचा गप्प.

दिव्यांचा माणूस ठेवला, हुद्द्याचा शब्द सोडला. त्याचं नाव नुसतं रात्रपाळ्या.

हिशेबनीस: चिंगूस काढला. आता तो बारा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचं नाव सगळ्यांत भव्य: विक्रमसेन. एवढा एकच तिथे लिहायला-वाचायला येणारा, म्हणून त्याने स्वतःच स्वतःचं नाव वहीत असं लिहून ठेवलं. खरं नाव बाळग्या.

आणि कप्तान: शांतू तांडेल. तो कधी आवाज चढवत नाही. त्याच्या नावात हसण्यासारखं काही नाही, घाबरण्यासारखंही नाही.

जुनीवही (मंगळवार, सकाळी ६:५०)

शांतू तांडेल वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या बाबतीत एकच करा. त्याला टोपणनाव नको, कुणाच्या तोंडी त्याचं नाव झिजायला नको. बाकी सगळ्यांचं मोडतं, याचं मोडत नाही, हे मुलांना न सांगता कळेल.

विक्रमसेन थोडा पुस्तकी वाटतोय. पण मुलाने स्वतः ठेवलेलं असल्यामुळे चालून जाईल.

छापताना एक बघा. 'दर्या'त र डोक्यावर जातो आणि 'फातऱ्या'त आडवा, अर्ध्या चंद्रासारखा. दोन्ही सारखे छापले गेले तर वाचणारं मूल 'फातर्‌या' की 'फातर्या' असं अडखळेल.

मालवणी_खाजा (९:३०)

'फातऱ्या' वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे फातर म्हणजे दगड! दगड दर्यात तरंगताहा. मुद्दाम केलास काय?

मीठभाकर (९:४४)

अजिबात नाही! मी तर 'फतेदर्या' भराभर म्हणत गेले आणि जे उरलं ते लिहिलं. पण आता गोष्टीत हे येणारच. आवली मालवणकडची, तिला पहिल्या दिवसापासून वाटणार की गलबताचं नाव दगड आहे आणि हे बुडणार.

सारंगाचा नातू (१०:१०)

सगळं झकास. फक्त 'तांडेल'वर माझं अजून मन लागत नाही. हुद्दा म्हणून बरोबर आहे, आता कामही बरोबर दिलंत. पण ते आडनाव आहे, किनाऱ्यावर घरोघरी आहे. सगळ्यांत भीतीदायक माणसाला तेच? 'शांतू सारंग' करा म्हटलं असतं, पण मग माझ्या आजोबांची पंचाईत.

काळंपाणी (१०:३५)

मला उलट वाटतं. हा माणूस इथलाच, ओळखीचा आहे, म्हणून तर भीती वाटते. 'कर्दनकाळ' कुणाच्याच गल्लीत राहत नाही.

मीठभाकर (दुसऱ्या शनिवारी, रात्री ९:१५)

वाचून आले. जसं झालं तसं सांगते.

फुसकोजीला एवढा गोंधळ झाला की दोन मिनिटं पुढे जाता येईना. का ते सांगायला नको. एक आजी जरा नाराज झाल्या. कावळेश्वरला हसू आलं नाही, पण मध्ये मी "कावळ्याऽऽ" अशी हाक दिली तर मागच्या रांगेतून तीन मुलांनी आपोआप "ओऽऽ" दिली. तेव्हापासून तो त्यांचा.

तिरफळमामा अर्धा फसला. शहरातून सुट्टीला आलेल्या दोघांना तिरफळ माहीतच नव्हतं. मग माझ्या पिशवीतल्या पुडीतलं एकेक दिलं चावायला. त्यांची तोंडं बघून बाकीच्यांना नाव पाठ झालं, पण हे छापील गोष्टीत कसं जमणार?

विक्रमसेन कुणाच्या लक्षात राहिला नाही. बाळग्या राहिला.

शांतू तांडेल आला तेव्हा मी काहीच वेगळं केलं नाही, फक्त आवाज खाली नेला. "फातऱ्यावर सगळे गप्प झाले. शांतू तांडेल वर आला होता." खोली गप्प. पुढे बसलेल्या एकीने पाय जवळ ओढून घेतले.

आमच्यात एक तांडेल आडनावाची मुलगी आहे. निघताना म्हणाली, "तो आमच्यातला आहे का?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "घरी विचारून सांगते." अजून उत्तर आलेलं नाही. घरून काही आलं तर बदलेन, दुसरं नाव मात्र तयार नाही.

इतिहासवेडा (९:३०)

'शांतू सरदेसाई' करा.

सारंगाचा नातू (९:३३)

आणि सरदेसायांची मुलगी पुढच्या शनिवारी आली म्हणजे?

गोट्या_डोंबिवली (९:५०)

ताई, चुलत्याला हा धागा दाखवला. त्याला 'फतेदर्या' फार आवडलंय, म्हणतोय बोटीला हेच घालतो. तुमची हरकत नाही ना?

मीठभाकर (९:५८)

अजिबात नाही. पण बंदरावर सगळे फातऱ्या म्हणणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.